आठवड्याची हाडांची गोळी: उभं राहणं, साधं पाणी आणि रिकामं पोट

ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बहुतेक वेळा दोनपैकी एक असते: अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम किंवा रिसेड्रोनेट ३५ मिलिग्रॅम. स्ट्रिपवर किंवा आतल्या कागदावर तीन सूचना ठरलेल्या असतात. सकाळी रिकाम्या पोटी घ्या, भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर आडवे होऊ नका. औषधाच्या दुकानात काउंटरवर आम्ही या तिन्ही एका दमात सांगतो आणि ऐकणाराही "हो हो" म्हणून पिशवी उचलतो. घरी गेल्यावर त्यातली एखादी पाळली जाते, दुसरी विसरली जाते आणि तिसरी आपल्या सोयीने बदलली जाते.

या तीन सूचनांच्या मागे दोन वेगळी कारणं आहेत, आणि ती कळली की सूचना लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. आडवं न होणं हे अन्ननलिकेला इजा होऊ नये म्हणून आहे. रिकामं पोट हे औषध अंगात शिरावं म्हणून आहे. साधं पाणी दोन्हीकडे कामाला येतं. पहिल्यात चूक झाली तर छातीत जळजळतं, गिळताना दुखतं, म्हणजे चूक निदान बोलून दाखवते. दुसऱ्यात चूक झाली तर काहीच जाणवत नाही. गोळी पोटातून तशीच निघून जाते आणि आपल्याला वाटतं, औषध चालू आहे.

पहिली गोळी घेण्याआधी

आधी स्ट्रिप वाचा. नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळतात का पाहा आणि "आठवड्यातून एकदा" हे शब्द शोधा. या औषधाची सगळ्यात घातक चूक पाण्याची किंवा चहाची नसते, ती रोज एक गोळी घेण्याची असते. घरातल्या बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, त्यामुळे हीही त्याच डबीत सात खणांत भरली जाते. डबी दुसऱ्या कुणी भरत असेल तर त्या माणसाला हे समोर बसवून सांगा. मी तर म्हणेन, ही गोळी डबीत टाकूच नका. ती तिच्या स्ट्रिपमध्येच राहू द्या आणि प्रत्येक गोळीच्या शेजारी बॉलपेनने तारीख लिहून ठेवा. चार गोळ्यांच्या स्ट्रिपवर चार तारखा लिहिल्या की या आठवड्याची घेतली का नाही, हा प्रश्नच उरत नाही.

स्ट्रिप कापून एक-दोन गोळ्या देऊ-घेऊ नयेत. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव राहतं पण शेवटची तारीख जाते, कधी दोन्ही जातात, आणि सूचना तर हमखास दुसऱ्या तुकड्यावर गेलेल्या असतात.

मग स्वतःशी चार गोष्टी तपासा आणि यातली एकही लागू असेल तर गोळी न घेता आधी डॉक्टरांना सांगा. अन्न गिळायला त्रास होतो का, घास अडकतो का, अन्ननलिका अरुंद असल्याचं कधी कुणी सांगितलंय का? रक्तातलं कॅल्शियम कमी निघालं होतं का? मूत्रपिंडाचा आजार आहे का? आणि अर्धा तास सरळ बसता किंवा उभं राहता येतं का? हा शेवटचा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो. पण मणका मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ही गोळी चालत नाही, इतकं साधं आहे ते. अशांसाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं किंवा सहा महिन्यांनी त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन असतं. डॉक्टर तो पर्याय पाहतात.

रिसेड्रोनेटच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. त्याची एक उशिरा विरघळणारी गोळी काही ठिकाणी मिळते आणि ती नाश्त्यानंतर लगेच घ्यायची असते. आडवं न होण्याचा नियम तिलाही आहेच, पण रिकाम्या पोटाचा नाही. म्हणून शेजारणीची गोळी ती कशी घेते यावरून आपली ठरवू नका. आपल्या स्ट्रिपवर काय लिहिलंय ते वाचा. इथून पुढचं सगळं नेहमीच्या, रिकाम्या पोटी घ्यायच्या गोळीबद्दल आहे.

सकाळ कशी घालवायची

आठवड्यातला एक वार पक्का करा. ज्या दिवशी सकाळी घाई नसते, कुणी दाराशी उभं नसतं, असा वार बरा.

उठा. अंथरुणात बसूनच गोळी घेऊन पुन्हा उशीला टेकायचं नाही. खरोखर उठा, तोंड धुवा, दात घासा. घसा कोरडा असेल तर आधी दोन घोट पाणी प्या, कारण कोरड्या घशात गोळी चिकटते.

आता पेला. रिसेड्रोनेटच्या कागदावर किमान १२० मिलिलिटर पाणी सांगतात, अ‍ॅलेंड्रोनेटच्या १८० ते २४०. दोन्हींसाठी २०० च्या आसपास धरलं की प्रश्न मिटतो. आपल्या नेहमीच्या पेल्यात किती मावतं हे एकदा मोजून पाहा. औषधाच्या मापाने किंवा खुणा असलेल्या बाटलीने मोजता येतं. बऱ्याच घरांतले चहाचे किंवा छोटे पेले १०० मिलिलिटरच्या आसपास भरतात आणि लोक "पूर्ण ग्लास घेतला" असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात. पेला लहान असेल तर दोन घ्या.

गोळी अखंड गिळायची. चावायची नाही, अर्धी करायची नाही, कुटायची नाही, आणि जिभेखाली किंवा गालात ठेवून चघळायची तर मुळीच नाही. हे औषध ओल्या पृष्ठभागाला टोचतं. तोंडात रेंगाळलं तर तोंड येतं, घशात रेंगाळलं तर घसा सोलवटतो. एक-दोन घोटांत गोळी खाली घाला आणि पेल्यातलं उरलेलं पाणीही संपवा. हे उरलेलं पाणी लोक ठेवून देतात. गोळी गिळली गेली, आता पाणी कशाला, असा हिशेब असतो. पण गोळी जिभेमागे गेली म्हणजे जठरात पोचली असं नाही. अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते आणि गोळी वाटेत कुठेही भिंतीला चिकटून राहू शकते. कळतही नाही. मागून आलेलं पाणी तिला खाली ढकलतं.

घड्याळ पाहा. आता किमान ३० मिनिटं दोन गोष्टी नाहीत: खाणंपिणं नाही, आणि आडवं होणं नाही.

अर्धा तास झाला की नाश्ता करा. चहा, दूध, इतर औषधं, सगळं यानंतर. आणि एक बाब स्ट्रिपवर बहुधा नसते, आतल्या कागदात असते: नुसता अर्धा तास झाला म्हणून लगेच आडवं व्हायचं नाही, आधी काहीतरी खायचं आणि मग. पोटात अन्न गेलं की ते उरलेल्या औषधाला धरून ठेवतं, आणि नंतर आम्ल वर आलं तरी त्यातून इजा होण्याचा धोका कमी राहतो. म्हणजे "३० मिनिटं आणि पहिलं खाणं" असा जोडनियम लक्षात ठेवा.

आडवं न होण्याचा अर्थ

बसणं चालतं, उभं राहणं चालतं, चालणं तर उत्तम. खुर्चीत पाठ सरळ ठेवून वर्तमानपत्र वाचलंत तरी हरकत नाही. उशा लावून अर्धवट रेलणं, आरामखुर्ची मागे टाकणं, सोफ्याच्या हातावर डोकं ठेवून लवंडणं हे मात्र आडवं होण्यातच धरा. जमिनीवर पाठ टेकून करायचे व्यायाम त्या दिवशी नाश्त्यानंतर ठेवा. खूप वाकून करायची कामंही अर्धा तास थांबली तर बरं, कारण कंबरेतून वाकलं की पोटातलं वर यायला वाट मिळते.

हे एवढं का, तर हे औषध बाजारात आल्यावर लगेचच त्याचा धडा मिळाला. अ‍ॅलेंड्रोनेटला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली आणि १९९६ मध्येच अन्ननलिकेला गंभीर इजा झालेल्या रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यांतल्या अनेकांनी गोळी जेमतेम पाण्यात घेतली होती किंवा घेऊन आडवे झाले होते. आज आपण वाचतो त्या पाण्याच्या आणि सरळ राहण्याच्या सूचनांवर तेव्हापासून इतका जोर दिला जातो. म्हणून झोपताना घेतली तर चालेल का, या प्रश्नाचं उत्तर ठाम "नाही" असं आहे. रात्री रिकाम्या पोटाचा नियम कसाबसा जमवला तरी पुढचे काही तास माणूस आडवा असतो.

साधं पाणी म्हणजे कोणतं

नळाचं, गाळलेलं, उकळून गार केलेलं किंवा किंचित कोमट, यातलं कोणतंही. थंडगार पाण्याला बंदी नाही, पण घसा आकसत असेल तर टाळा.

चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही, फळांचा रस नाही, लिंबू-मध घातलेलं पाणी नाही, सोडा नाही. बाटलीबंद मिनरल वॉटरही शक्यतो नको, कारण काहींत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंच असतं. मूळ अडचण तीच आहे. ही औषधं हाडाला चिकटतात ती हाडातल्या कॅल्शियममुळे. वाटेत दुसरं कुठलं कॅल्शियम भेटलं तर ती त्यालाच धरतात, आणि असं बांधलं गेलेलं औषध आतड्यातून रक्तात जात नाही. दुधात कॅल्शियम आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. हाडांच्या औषधाबरोबर दूध घेतलं तर दुप्पट फायदा, असं म्हणणारी माणसं भेटतात, आणि तर्क ऐकायला बरोबरही वाटतो. पण होतं नेमकं उलट.

दुधाशिवायचा काळा चहा किंवा कॉफी तरी चालेल ना, हा पुढचा प्रश्न. तीही नाही. अ‍ॅलेंड्रोनेट कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतलं तेव्हा शोषण साध्या पाण्याच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी घटलं.

पोट रिकामं असण्याचा हिशेब

अ‍ॅलेंड्रोनेट सगळे नियम पाळून घेतलं तरी एक टक्कासुद्धा रक्तात जात नाही. ७० मिलिग्रॅमच्या गोळीतलं अर्धा मिलिग्रॅमही नाही. उरलेलं सगळं शौचावाटे बाहेर. वाचून वाटेल, मग हे औषध काय कामाचं? पण जेवढं जातं त्यातलं जवळपास निम्मं हाडाला जाऊन चिकटतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. म्हणूनच तर रोज न घेता आठवड्यातून एकदा चालतं. ७० मिलिग्रॅम म्हणजे रोजच्या १० मिलिग्रॅमचा आठवड्याचा वाटा.

मुळातच इतकं कमी शोषलं जाणाऱ्या औषधाला थोडासा अडथळाही महागात पडतो. नाश्त्याबरोबर किंवा नाश्त्यानंतर दोन तासांच्या आत गोळी घेतली तर आत जाणारं औषध जवळजवळ शून्य असतं. नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घेतली तर दोन तास आधी घेतल्यापेक्षा सुमारे ४० टक्के कमी शोषलं जातं. हा आकडा वाचून घाबरू नका. औषधाचा गुण ज्या चाचण्यांत दिसला त्यांत लोक नाश्त्याआधी किमान अर्धा तासच थांबत होते. अर्धा तास पुरेसा आहे. ज्यांना सहज तासभर थांबता येतं त्यांनी थांबावं, जास्त चांगलं. ज्यांना पित्त होतं किंवा चक्कर येते त्यांनी ३० मिनिटं नीट पाळावी आणि खाऊन घ्यावं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी इथे सावध राहावं. ती औषधं नाश्त्याच्या वेळेशी बांधलेली असतात, म्हणून त्या सकाळी तीही नाश्त्याबरोबर पुढे सरकवायची का हे डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि अर्धा तास व्हायच्या आत साखर उतरल्याची लक्षणं दिसली, म्हणजे घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी, तर तिथेच साखर खा. एक गोळी वाया गेली तर काही बिघडत नाही, उतरलेली साखर थांबत नाही.

इतर गोळ्यांची गर्दी: एक सकाळ मांडून

ज्यांना ही गोळी लागते त्यांच्याकडे बहुधा आणखी चार-पाच गोळ्या असतातच. समजा, ६८ वर्षांच्या एक काकू आहेत. त्या रोज सकाळी उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी घेतात, नाश्त्यानंतर रक्तदाबाची, आणि दुपारी-रात्री जेवणानंतर कॅल्शियमची. मनगट मोडल्यावर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली आणि आता आठवड्याचं अ‍ॅलेंड्रोनेट सुरू झालंय. वार ठरवला रविवार.

अडचण पहिल्याच पायरीवर येते: थायरॉइडची गोळीही रिकाम्या पोटी आणि हीही रिकाम्या पोटी. दोन्ही एका घोटात घेऊन टाकण्याचा मोह होतो. पण अ‍ॅलेंड्रोनेटच्या आसपास पाण्याशिवाय काहीच नको, दुसरं औषधही नको. मग रविवार असा बसतो. सहा वाजता उठून, तोंड धुऊन अ‍ॅलेंड्रोनेट, दोन लहान पेले पाणी. मग घरात थोडं फिरणं, झाडांना पाणी. साडेसहानंतर थायरॉइडची गोळी, पुन्हा साध्या पाण्याबरोबर. तिच्यासाठीही नाश्त्याआधी अर्धा ते एक तास लागतो, म्हणजे चहा-नाश्ता साडेसातला. त्याबरोबर रक्तदाबाची गोळी. दुपारच्या जेवणानंतर, साडेबारा-एकला, कॅल्शियम. थायरॉइडच्या गोळीपासून कॅल्शियम चार तास लांब हवं असतं, ते अंतरही आपोआप राहतं.

सोमवार ते शनिवार सगळं जुन्याच वेळेला. आठवड्यातल्या एका सकाळी चहा तासभर उशिरा, एवढाच काय तो फरक. काकूंना तेवढंही जमत नसेल तर थायरॉइडची गोळी दुसऱ्या वेळेला नेता येते का हे डॉक्टर सांगतील. आपल्या मनाने हलवू नये, कारण तिचा डोस रक्ततपासणीवर बसवलेला असतो.

कॅल्शियमची गोष्ट वेगळी सांगायला हवी. हाडांच्या औषधाबरोबर कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व बहुधा लिहिलेलं असतंच आणि ते घ्यायलाच हवं, पण त्या सकाळी या गोळीजवळ नाही. पित्तावरचं पातळ औषध, लोहाची गोळी, जीवनसत्त्वांची मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूल यांनाही तेच लागू आहे. या सगळ्यांत औषधाला बांधून ठेवणारे धातू असतात. नियम म्हणून अर्धा तास लिहिलेला असला तरी ही मंडळी सरळ दुपारवर ढकलावी, असं माझं मत. सकाळी डोळ्यांवर झोप असताना मिनिटं मोजण्यापेक्षा ते सोपं जातं.

वेदनाशामक गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. सांधेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या जठराला स्वतःच टोचतात, दोघींचा त्रास एकत्र होऊ शकतो.

चूक झालीच तर

कोणता नियम मोडला ते आधी ठरवा, उपाय त्यावर आहे.

दहा मिनिटांत सवयीने चहा पिऊन झाला. इजा काही नाही, पण आजची गोळी बरीचशी वाया गेली. आज दुसरी घेऊ नका. पुढच्या आठवड्याची त्या वारी घ्या. औषध हाडात टिकून राहतं, त्यामुळे एखाद्या आठवड्याने फारसं बिघडत नाही. मात्र हे दर आठवड्याला होत असेल तर औषध फक्त कागदावर चालू आहे.

ठरल्या दिवशी विसरलं आणि चहा झाल्यावर आठवलं. आज नाही. उद्या सकाळी रिकाम्या पोटी एक घ्या आणि पुढची नेहमीच्या वारी. एका दिवशी दोन कधीच नाहीत. पुढच्या वाराच्या अगदी तोंडावर आठवलं तर काय करायचं ते केमिस्टला विचारा.

गोळी घेऊन डोळा लागला, आडवं झालं. उठून बसा, पेलाभर पाणी प्या, आणि पुढचा अर्धा तास सरळ राहा. दुखत, जळजळत नसेल तर चिंता नको. दिवसभर लक्ष मात्र ठेवा.

गोळी घशात अडकल्यासारखी वाटते. उभं राहून आणखी पाणी प्या. भाकरीचा किंवा पोळीचा तुकडा गिळून ढकलायचा, हा घरगुती उपाय इथे करू नका. त्याने औषध वाया जातं, आणि खरंच अडकली असेल तर वर आणखी घास अडकतो. थोड्या वेळात मोकळं झालं नाही तर डॉक्टरांकडे जा.

चुकून एकाच दिवशी दोन-तीन गोळ्या गेल्या किंवा आठवडाभर रोज घेतली गेली. एकदम जास्त गोळ्या गेल्या असतील तर पेलाभर दूध प्या, कारण औषधाला बांधून ठेवण्याचा त्याचा गुण इथे उपयोगी पडतो. उलटी मुद्दाम काढू नका, कारण वर येताना तेच औषध अन्ननलिका भाजतं. सरळ बसा आणि लगेच डॉक्टरांना किंवा रुग्णालयाला कळवा. स्ट्रिप सोबत न्या.

गोळी कधी थांबवायची

गिळताना दुखणं, घास अडकणं, छातीच्या मधल्या हाडामागे दुखणं, पूर्वी नसलेली जळजळ सुरू होणं किंवा असलेली वाढणं. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांशी बोला. "पित्त झालं असेल" म्हणून पित्ताची गोळी जोडून पुढे चालू ठेवणं ही इथली नेहमीची चूक. अन्ननलिकेला नुसती सूज असताना औषध थांबवलं तर ती बरी होते. त्यावरच दर आठवड्याला नवी गोळी पडत राहिली तर व्रण होतो, आणि व्रण भरताना नळी अरुंद होऊ शकते. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय. लोहाची गोळी चालू असेल तर तिनेही शौच काळी होते, ते डॉक्टरांना सांगा, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका.

गोळी पोचते आहे की नाही हे मात्र कुठल्याच लक्षणाने कळत नाही. कंबर कमी दुखणं किंवा जास्त दुखणं यावरून ठरवता येत नाही. ते दिसतं एक-दोन वर्षांनी पुन्हा केलेल्या डेक्सामध्ये, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्ततपासणीत. त्या अहवालात हाडांची घनता घटलेली निघाली तर औषध बदलण्याआधी चांगले डॉक्टर एक प्रश्न विचारतात: गोळी नेमकी कशी घेता? तेव्हा "सांगितल्याप्रमाणे" असं म्हणू नका. उठल्यापासून नाश्त्यापर्यंतचं सगळं क्रमाने सांगा, पेला केवढा आहे आणि किती आठवडे चुकले तेही. तारखा लिहिलेल्या रिकाम्या स्ट्रिपा जपून ठेवल्या असतील तर त्याच दाखवा.

या औषधाचे आणखी दोन दुर्मीळ त्रास गोळी गिळण्याशी संबंधित नाहीत, पण माहीत हवेत. दात काढायचा किंवा जबड्यावर काही करायचं असेल तर दंतवैद्यांना हे औषध चालू असल्याचं आधी सांगा, कारण क्वचित जबड्याचं हाड भरून यायला नकार देतं. आणि मांडीत किंवा जांघेत कारण नसताना नवं, रेंगाळणारं दुखणं सुरू झालं तर ते डॉक्टरांना दाखवा. अनेक वर्षं औषध घेतलेल्यांत मांडीच्या हाडाला क्वचित वेगळ्या प्रकारची तड जाते आणि ती आधी दुखण्यातून कळते. त्याच कारणाने, साधारण पाच वर्षांनी ही गोळी पुढे चालू ठेवायची की काही काळ थांबवायची याचा फेरविचार डॉक्टर करतात. सुरू केल्याची तारीख तेव्हा विचारली जाते, म्हणून ती पहिल्या चिठ्ठीवरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.